फोटोतला प्रश्न आणि सरांना लिहिलेली चिठ्ठी

शनिवारी रात्री सव्वादहाला दहावीतल्या एका मुलीची आई शिकवणीच्या सरांना व्हॉट्सअॅपवर गृहपाठाचे पाच फोटो पाठवते. सोबत एक ओळ असते, ‘सर, हे बघा ना प्लीज.’ रविवारी सकाळी दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे सरांनी मेसेज उघडला आहे. दुपारपर्यंत उत्तर येत नाही. वही मंगळवारी सकाळी शाळेत द्यायची असते आणि सर घरी येतात मंगळवारी संध्याकाळी. आईच्या मनात राग साठायला लागतो. फी वेळेवर देतो, चहापाणी करतो आणि साधं उत्तर द्यायला यांना दोन मिनिटं नाहीत?

शहरातल्या कितीतरी घरांत थोड्याफार फरकाने हेच चालू असतं. मी गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे असे फोटो ज्यांच्याकडे येतात त्यांच्यापैकी मी एक आहे. पालकांशी आणि माझ्यासारख्याच शिकवणी घेणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार समोर येते. उत्तर न येण्यामागे बहुतेक वेळा निष्काळजीपणा नसतो. फोटो पोहोचलेला असतो, पण त्यातून प्रश्न पोहोचलेला नसतो. आईने सरांना लिहायची चिठ्ठी याच ठिकाणी उपयोगी पडते. अर्थात ती नीट लिहिली तर.

आधी त्या निळ्या खुणांबद्दल, कारण सगळा गैरसमज तिथून सुरू होतो. एक करडी खूण म्हणजे मेसेज तुमच्या फोनवरून निघाला. दोन करड्या म्हणजे तो समोरच्याच्या फोनवर पोहोचला. दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे समोरच्याने तुमच्याशी चाललेला संवाद उघडला. एवढंच. त्याने प्रत्येक फोटो मोठा करून वाचला, असा त्याचा अर्थ होत नाही. बरेच जण मोबाईल डेटावर फोटो आपोआप उतरवण्याची सोय बंद ठेवतात. अशा फोनवर फोटोच्या जागी धूसर चौकोन आणि खाली जाणारा बाण दिसतो. बाणावर बोट ठेवलं नाही तर फोटो उघडतच नाही, तरी तुमच्याकडे खुणा निळ्या झालेल्या असतात. फोनमधली जागा भरली असेल तर फोटो उतरतही नाही. आणि तो फार दिवस तसाच राहिला तर पुढे कधीतरी तो उतरवायला गेल्यावर ‘पुन्हा पाठवायला सांगा’ अशा अर्थाची सूचना येते. उलट काही जण वाचल्याची खूणच बंद करून ठेवतात. त्यांच्या बाबतीत खुणा कधीच निळ्या होत नाहीत आणि पालकांना वाटतं, यांनी मेसेज पाहिलाच नाही. थोडक्यात, खुणांवरून सरांच्या मनातलं ओळखायला जाऊ नये.

आता सरांची संध्याकाळ कशी असते ते पाहा. घरी जाऊन शिकवणाऱ्या माणसाचा दिवस दुपारी चारच्या सुमारास सुरू होतो आणि रात्री नऊ-साडेनऊला संपतो. एका घरातून दुसऱ्या घरी जाताना जिन्यात, रिक्षात किंवा सिग्नलला तो फोन उघडतो. पाच घरांतून आलेले मेसेज त्याला एकदम दिसतात. ‘उद्या येऊ नका, पाहुणे आहेत’ याला तिथल्या तिथे उत्तर देता येतं, कारण ते एका नजरेत कळतं. पाच फोटोंना तसं उत्तर देता येत नाही. ‘घरी गेल्यावर नीट बघू’ असं तो ठरवतो, फोन खिशात जातो आणि खुणा निळ्या झालेल्या असतात. रात्री घरी आल्यावर त्या मेसेजवर आणखी दहा मेसेज येऊन बसलेले असतात.

इथे फोटोचा एक गुण अडचणीचा ठरतो. टाइप केलेला मजकूर नंतर शोधता येतो. सरांनी व्हॉट्सअॅपच्या शोधपट्टीत ‘समलंब’ असं लिहिलं, तर तो शब्द असलेला मेसेज समोर येतो. फोटोच्या आत लिहिलेलं त्या शोधात सापडत नाही. वहीच्या पानाचा फोटो दुसऱ्या वहीच्या पानाच्या फोटोसारखाच दिसतो. आठ मुलांच्या वह्यांची पानं एकाच गॅलरीत पडलेली असतील, तर त्यातलं नेमकं पान कोणाचं आणि काय विचारायला पाठवलेलं, हे रात्री साडेदहाला दमलेल्या माणसाने आठवायचं असतं. फोटोखाली दोन ओळी लिहिलेल्या असत्या तर हा शोध एका मिनिटाचा होता.

आता त्या पाच फोटोंत नेमकं काय होतं ते बघू. पहिल्यात भूमितीच्या पाठ्यपुस्तकाचं अख्खं पान, सरावसंचाचे सगळे प्रश्न. त्यातले अडलेत कोणते याची खूण नाही. दुसऱ्यात वहीचं पान, पेन्सिलीने सोडवलेलं आणि त्यावर मोबाईल धरलेल्या हाताची सावली. तिसरा फळ्याचा, शाळेच्या वर्गगटावर आलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट. चौथा म्हणजे पहिल्याच पानाचा हललेला फोटो, चुकून गेलेला. पाचव्यात पुढचं पान, ज्यावर एका प्रश्नाचा उत्तरार्ध आहे आणि पूर्वार्ध मागच्या पानावर राहिला आहे. असे बरेच फोटो एकदम पाठवले की समोरच्या फोनवर ते चार चौकटींच्या एका गठ्ठ्यात दिसतात आणि उरलेल्यांचा फक्त आकडा दिसतो. तो गठ्ठा उघडून एकेक फोटो मोठा करणं, मागेपुढे जाऊन प्रश्नाचे दोन तुकडे जुळवणं, सावलीतली पेन्सिल वाचणं, एवढं झाल्यावर सरांना कळणार की मुलीने बरेचसे प्रश्न सोडवलेले आहेत. मग अडलंय कुठे?

मुलीला विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं. तिचे दोनच प्रश्न अडले होते. आईला ते ठाऊक नव्हतं, कारण फोन आईचा होता, मुलगी ‘हे पाठव’ म्हणून झोपायला गेली होती आणि समरूप त्रिकोण म्हणजे काय हे आईने शाळा सोडल्यापासून पाहिलेलं नव्हतं. यात आईचा काही दोष नाही. पण प्रश्न दोन माणसांच्या हातातून गेला आणि दोघींपैकी कोणीच तो शब्दांत मांडला नाही. शब्दांत मांडायचं काम नकळत सरांवर येऊन पडलं.

अशा वेळी पालकांच्या मनात पहिली येते ती तक्रारीची चिठ्ठी. ‘सर, कालपासून वाट बघतोय. तुम्ही मेसेज बघून उत्तर देत नाही हे बरोबर नाही.’ या चिठ्ठीत राग खरा असतो, पण ती पाठवली तरी सरांसमोर पुन्हा तेच पाच फोटो असतात. ते फार तर ‘सॉरी ताई, बघतो’ असं लिहितील, आणि ‘बघतो’ म्हणजे कधी हे दोन्ही बाजूंना कळणार नाही. म्हणून चिठ्ठीचा पहिला हेतू झालेल्या फोटोंमधून प्रश्न बाहेर काढणं हा असावा. वागणुकीबद्दल बोलायचं असेल तर ते समोरासमोर बोलावं. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

रविवारी दुपारी आईने मुलीला शेजारी बसवून ही चिठ्ठी लिहिली:

‘नमस्कार सर. काल रात्री मी गृहपाठाचे पाच फोटो पाठवले होते. ते बघू नका, त्यातलं लागेल तेवढंच इथे लिहिते. भूमिती, समरूपता. दोनच प्रश्न अडलेत.

पहिला: समलंब चौकोन ABCD मध्ये बाजू AB समांतर बाजू DC. कर्ण AC आणि BD एकमेकांना O मध्ये छेदतात. AB = 18, DC = 6, OB = 12, तर OD किती? तिने AB/DC = OD/OB असं मांडलं, उत्तर 36 आलं. पण आकृतीत OD ही OB पेक्षा लहान दिसते, म्हणून ती थांबली. आकृतीचा एक फोटो खाली पाठवते.

दुसरा: दोन समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर 9 : 25 आहे. लहान त्रिकोणाची एक बाजू 12 सेमी, तर मोठ्या त्रिकोणाची संगत बाजू किती? तिने 12 ला 25 ने गुणून 9 ने भागलं. उत्तर पूर्णांकात येत नाही, म्हणून तिला शंका आली.

पूर्ण सोडवून नको. कुठे चुकतंय एवढं सांगितलंत तर ती पुन्हा करून बघेल. वही मंगळवारी सकाळी द्यायची आहे. उद्या संध्याकाळपर्यंत जमेल का? जमणार नसेल तर तसं कळवा, म्हणजे ती तिला जमलं तेवढं लिहून वही देईल. मधल्या दिवसांत शंका कशा आणि किती पाठवाव्यात, याबद्दल मंगळवारी आल्यावर पाच मिनिटं बोलू या.’

चिठ्ठी लांब वाटेल, पण ती वाचायला एक मिनिट लागतं आणि वाचून झाल्यावर सरांना काहीही शोधावं लागत नाही. जुने फोटो बघू नका, हे वाक्य फार कामाचं आहे. त्यामुळे सरांच्या डोक्यावरचं ‘ते पाच फोटो राहिलेत’ हे ओझं उतरतं आणि उरतात ते दोन प्रश्न. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे मुलीने काय केलं ते त्यात लिहिलेलं आहे. शिकवणाऱ्याला खरी मदत याचीच होते. ते का, हे समजायला आपण तो पहिला प्रश्नच सोडवून बघू.

समलंब चौकोनाच्या दोन समांतर बाजू म्हणजे AB आणि DC. कर्ण एकमेकांना छेदल्यावर वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोण दिसतात, AOB आणि COD. बाजू समांतर असल्यामुळे A जवळचा कोन आणि C जवळचा कोन हे व्युत्क्रम कोन आहेत, म्हणून ते समान. O जवळचे दोन कोन विरुद्ध कोन, म्हणून तेही समान. दोन कोन जुळले की दोन्ही त्रिकोण समरूप, पाठ्यपुस्तक याला कोको कसोटी म्हणतं. इथपर्यंत मुलीला सगळं येत होतं, म्हणूनच तिने गुणोत्तर मांडलं. चूक झाली ती पुढच्या पायरीला. A ची जोडी C शी आहे आणि B ची D शी. त्यामुळे OB ची संगत बाजू OD. वर AB लिहिली असेल, तर त्याच त्रिकोणातली OB ही वरच यायला हवी. मांडणी अशी व्हायला हवी होती:

AB/CD = OB/OD, म्हणजे 18/6 = 12/OD, म्हणून OD = 4

मुलीने दुसऱ्या गुणोत्तरात वरचं खाली आणि खालचं वर केलं, आणि 4 च्या जागी 36 आले. चूक अगदी छोटी आहे, पण तिच्या वहीतली ती एक ओळ दिसली नाही, तर शिकवणाऱ्याला नेमकं काय सांगायचं हे कळत नाही. नुसता प्रश्नाचा फोटो आला तर तो समरूपतेची कसोटी पहिल्यापासून समजावेल, जी तिला येते आहे. किंवा पूर्ण उत्तर लिहून त्याचा फोटो पाठवेल, जे ती वहीत उतरवेल. दोन्हींत तिची अडचण जिथल्या तिथेच राहील, आणि पुढच्या प्रश्नात, कदाचित परीक्षेत, ती पुन्हा तीच उलटी मांडणी करेल. उत्तर उतरवून घेतलं आहे की समजलं आहे, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. त्याच प्रश्नात आकडे बदलून द्यायचे. AB = 20, DC = 8, OB = 15 दिले की समजलेलं मूल OD = 6 असं उत्तर काढतं. उतरवलेलं मूल वहीतलं मागचं पान उलटायला लागतं.

दुसऱ्या प्रश्नात तर एका वाक्याचं काम होतं. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर हे संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं. म्हणजे 9 : 25 वरून बाजूंचं गुणोत्तर 3 : 5, आणि 12 ची संगत बाजू 20. तिने वर्गमूळ न काढता क्षेत्रफळाचं गुणोत्तर थेट बाजूंना लावलं होतं.

सोमवारी सकाळी सरांचं उत्तर आलं ते एवढंच: ‘ताई, नमस्कार. पहिल्यात तिला त्रिकोणांची नावं AOB आणि COD अशी एकाखाली एक लिहायला सांगा. A खाली C, O खाली O, B खाली D. मग बाजू जशा एकाखाली एक येतील तशाच लिहायच्या. दुसऱ्यात 9 आणि 25 हे क्षेत्रफळाचे आहेत, बाजूंचे नाहीत, प्रमेय पुन्हा वाचायला सांगा. मंगळवारी याच प्रकारचे दोन प्रश्न मी तिला देतो.’ हे उत्तर टाइप करायला फार वेळ लागत नाही, आणि ते आईला समजलं नाही तरी चालतं. ते मुलीला समजतं.

आणखी एक गोष्ट मी पालकांना आवर्जून सांगतो. प्रश्न टाइप करायला किंवा निदान वहीत एका ओळीत लिहायला मुलालाच सांगावं. ‘मला हे येत नाही’ इथून ‘मी इथपर्यंत केलं, इथे उत्तर मोठं येतंय’ इथपर्यंत यायला त्याला आपली पायरी न् पायरी पुन्हा बघावी लागते. तसं करताना काही शंका मुलांच्या आपोआप सुटतात, हे मी फार जवळून पाहिलं आहे. आठवीच्या पुढच्या मुलाने आपली शंका स्वतः लिहावी आणि आईने किंवा वडिलांनी ती फक्त पाठवावी. लहान मुलांचं वेगळं आहे. तिसरी-चौथीच्या मुलाकडून अशी अपेक्षा करणं जड आहे, तिथे पालकांनीच शेजारी बसून विचारावं.

फोटो अजिबात पाठवूच नये असं मात्र नाही. आकृती शब्दांत सांगता येत नाही. वर्तुळाला बाहेरून काढलेल्या दोन स्पर्शिका, त्यात छेदिका, त्यावर चार अक्षरं, हे कोणी टाइप करत बसू नये. नकाशाचा प्रश्न, विज्ञानातली आकृती, बीजगणितातली लांबलचक पदावली यांनाही फोटोच लागतो. पण तो वाचता येईल असा असावा. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं. सहलीच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही, पण वहीच्या पानावरचं दशांशचिन्ह, घाताचा छोटा आकडा किंवा वहीच्या छापील रेघेवर बसलेलं वजाचं चिन्ह त्यात पुसट होऊन जातं. वजा दिसला नाही तर सर दुसराच प्रश्न सोडवतील, आणि मुलाला वाटेल आपलंच चुकलं. त्यामुळे अख्ख्या पानाऐवजी फक्त तो प्रश्न कापून घ्यावा. कापलेल्या फोटोत अक्षरं मोठी दिसतात आणि पाठवताना आकार घटला तरी वाचता येतात. बारीक मजकूर असेल तर पाठवण्यापूर्वी वर दिसणारा HD पर्याय निवडावा. २०२३ साली आलेल्या या सोयीमुळे फोटोतले तपशील जास्त टिकतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्याचा आकार बदलतच नाही.

फोटो काढताना फोन पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरावा. तिरका धरला की पानाची एक बाजू धूसर होते आणि काटकोन काटकोनासारखा दिसत नाही. भूमितीत ही गंमत नाही, कारण आकृती पाहूनच सर अंदाज बांधतात. उजेड बाजूने यावा, म्हणजे फोनची आणि हाताची सावली पानावर पडत नाही. रात्री ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसून काढलेल्या फोटोत ती हमखास पडते. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकावर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमका प्रश्न त्याखाली जातो. पाठवण्यापूर्वी फोटो आपल्याच फोनवर मोठा करून बघावा. आपल्याला वाचता आला नाही तर सरांनाही वाचता येणार नाही. एका फोटोत एकच प्रश्न, आणि त्याच फोटोखाली त्याचा मजकूर. मजकूर फोटोसोबतच लिहिला की दोन्ही एकत्र राहतात. वेगळा मेसेज केला तर मध्ये दुसऱ्या घराचा मेसेज येत नाही हे खरं, पण सर फोटो गॅलरीत बघत असतील किंवा दुसऱ्या कोणाला विचारायला पुढे पाठवत असतील, तर मजकूर मागे राहतो.

एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही आणि त्यावरून बरेच रुसवे होतात. ‘हा निबंध तपासून द्या’, ‘हे सगळे प्रश्न बरोबर आहेत का बघा’ असा फोटो म्हणजे शंका नाही, ते काम आहे. पानभर निबंध फोनच्या पडद्यावर वाचून त्यातल्या चुका लिहून पाठवायला अर्धा तास जातो. शिकवणीच्या वेळेत सर तो आनंदाने तपासतील. मधल्या दिवशी त्याला उत्तर आलं नाही तर त्यात आश्चर्य वाटू नये.

इथे फीचा मुद्दा येतो, आणि तो बोलायला दोन्ही बाजू संकोचतात. घरगुती शिकवणी ठरते ती बहुतेक तोंडी. आठवड्यातून किती दिवस, किती वाजता, महिन्याचे किती. मधल्या दिवशी फोनवर शंका सोडवायच्या की नाही, हा विषय निघतच नाही. पालक धरून चालतात की ते त्यातच आलं. सर धरून चालतात की ते आपल्या मर्जीवर आहे. माझं मत स्पष्ट आहे. शिकवणीच्या तासाबाहेरचा वेळ हा सरांचा वेळ आहे, आणि तो हवा असेल तर तो आधी ठरवून घ्यावा. पण सरांनीही मेसेज वाचून गप्प बसू नये. ‘मिळालं, मंगळवारी बघू’ या तीन शब्दांना पैसे पडत नाहीत आणि त्यामुळे घरातली सगळी घालमेल थांबते. उत्तर देणं आणि पोच देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मागण्याचा हक्क ठरवण्यावर अवलंबून आहे, दुसरी मागण्याचा हक्क पालकांना नेहमीच आहे.

म्हणून आईच्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य, मंगळवारी पाच मिनिटं बोलू या, हे तिने उगाच लिहिलं नव्हतं. मंगळवारी सर आल्यावर बोलणं झालं आणि ठरलं ते असं. शिकवणी नसलेल्या दिवशी जास्तीत जास्त दोन प्रश्न पाठवायचे, रात्री नऊच्या आत. प्रत्येकासोबत मुलीने काय केलं ते लिहायचं. सर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इशारा देतील, आणि जमणार नसेल तर तसं कळवतील. ज्या प्रश्नाला लांब समजावून सांगावं लागेल तो शंकावहीत उतरवायचा आणि पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्याला द्यायची. सरांनी यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत. दुसऱ्या एखाद्या घरी कोणी मागितले तर त्यात वावगं नाही. आधीच बोललेलं असलं म्हणजे झालं.

आणि अशी चिठ्ठी लिहूनही उत्तर आलं नाही तर? तर दुसऱ्या दिवशी दुपारी, सर पहिल्या घरी निघण्याआधी, एकदा फोन करावा आणि चिठ्ठी मिळाली का एवढंच विचारावं. बऱ्याचदा कळतं की फोन बदलला आहे, किंवा नंबर दुसरा आहे. फोनही झाला नाही तर मुलाने अडलेला प्रश्न वहीत तसाच ठेवावा. जिथपर्यंत आलं तिथपर्यंतच्या पायऱ्या लिहाव्यात आणि पुढे ‘इथे अडलं’ असं लिहून वही शाळेत द्यावी. शाळेतल्या शिक्षकांना अशी वही पूर्ण उत्तर उतरवलेल्या वहीपेक्षा जास्त सांगते, आणि तो प्रश्न वर्गात घेतला जाण्याची शक्यता वाढते. सर घरी आले की मात्र सरळ विचारावं, ‘मधल्या दिवशी शंका घेणं तुम्हाला जमतं का?’ नाही म्हणाले तर काही बिघडत नाही, शंकावही आहेच, आणि फोटो पाठवणं त्या दिवसापासून बंद करावं. हो म्हणाले आणि पुढचे दोन-तीन आठवडे नीट लिहिलेल्या प्रश्नांनाही पोच आली नाही, तर मग अडचण फोटोची राहिलेली नसते. तेव्हा महिना संपताना त्यांचे आभार मानून दुसरे सर शोधावेत, आणि नव्या सरांशी फीबरोबरच हेही पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं.